४१७ नंबरचं बिल गेलं कुठे?

ईआरपीत नव्याने आलेल्यांना नंबरिंग सिरीज म्हणजे सेटअपमधलं किरकोळ काम वाटतं. टॅक्स, गोदामं, मंजुऱ्या सगळं लावून झालं की जाता जाता उरकून टाकायचं. मी पुण्यात फंक्शनल कन्सल्टंट म्हणून काम करतो. गो-लाइव्हला वर्ष उलटल्यावर क्लायंटच्या अकाउंट्स खात्यातून जे वैतागलेले फोन येतात, त्यातले बरेचसे या उरकलेल्या कामाचेच असतात.

आधी नियम काय सांगतो ते बघू. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसचा नंबर ओळीने येणारा हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा यायला नको. अक्षरं, अंक, डॅश आणि स्लॅश एवढंच चालतं. एकापेक्षा जास्त सिरीज ठेवायला परवानगी आहे, आणि शाखांचे प्रीफिक्स याच सवलतीवर उभे असतात. पुणे आणि नाशिक या दोन्ही शाखा सहसा एकाच जीएसटीआयएनखाली असतात, त्यामुळे दोघांनी आपापलं बिल `00001` पासून सुरू केलं की पोर्टलवर टक्कर ठरलेली. म्हणून `PN` आणि `NK`. गोव्यातल्या शाखेचा जीएसटीआयएन वेगळा, तिथे अशी टक्कर होणार नाही. तरीही मी प्रीफिक्स देतोच, कारण वसुलीच्या टेबलावर माणसं जीएसटीआयएन बघत नाहीत, बिल नंबर बघतात.

१६ अक्षरं भरपूर वाटतात, पण मोजून बघा. `PN/25-26/SI/0417` हा नंबर बरोबर १६ अक्षरांचा आहे. दिसायलाही छान: शाखा, वर्ष, प्रकार, क्रमांक. एप्रिलमध्ये चालतो, दिवाळीतही चालतो. मग फेब्रुवारीत दहा हजारावं बिल येतं, क्रमांक पाच अंकी होतो, नंबर १७ अक्षरांचा होतो आणि ई-इन्व्हॉइस नाकारलं जातं. तेव्हा गाडी गेटवर उभी असते. म्हणून क्लायंटला पहिला प्रश्न हा विचारायचा: सगळ्यात मोठ्या शाखेची वर्षाला बिलं किती? उत्तराच्या दुपटीला पुरतील एवढे अंक ठेवायचे. मी `PN/2526/00417` वापरतो, म्हणजे १३ अक्षरं, तीन हाताशी.

नंबरात वर्ष घातलंच पाहिजे असं नियम म्हणत नाही. पण वर्ष नसेल आणि १ एप्रिलला काउंटर पुन्हा एकवर आला, तर `PN/00001` दोन होतात. बऱ्याच ईआरपींमध्ये असा दुसरा नंबर सेव्हच होत नाही, आणि झाला तरी जुन्या बिलावर क्रेडिट नोट काढताना कुठलं बिल धरायचं हा घोळ होतो. वर्ष घालताना ते कुठून येतं हेही तपासा. ईआरपीनेक्स्टमध्ये `.YY.` लिहिलं तर कॅलेंडर वर्ष येतं, त्यामुळे सिरीज एप्रिलऐवजी १ जानेवारीला एकवर जाते. दुसरी तपासणी तारखेची. ३१ मार्चच्या तारखेचं बिल २ एप्रिलला टाकून बघा. त्याला जुन्या वर्षाचा नंबर मिळायला हवा. नव्या वर्षाचा मिळाला, तर सिस्टिम बिलाची तारीख न घेता आजची तारीख घेतेय. टेस्ट सर्व्हरवर ही एवढी एक एंट्री करायला दोन मिनिटं लागतात.

आता मुख्य विषय, गॅप. एका क्लायंटचं मार्च महिन्याचं जीएसटीआर-१ भरायचं होतं. त्यातल्या तक्ता १३ मध्ये त्या महिन्यात काढलेल्या डॉक्युमेंट्सचा पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण, रद्द आणि निव्वळ एवढं द्यावं लागतं. पुण्याची सिरीज `PN/2526/00381` ते `PN/2526/00462`, म्हणजे ८२ बिलं. सेल्स रजिस्टरमध्ये होती ७९. गॅप शोधायला एक्सेल पुरतं. सिरीजप्रमाणे फिल्टर करून, नंबर चढत्या क्रमाने लावून, शेजारी हे दोन रकाने:

```
B2: =VALUE(RIGHT(A2,5))
C3: =IF(B3-B2>1,"GAP","")
```

४०२, ४१७ आणि ४३३ नव्हते. ४०२ लगेच सापडलं. ई-इन्व्हॉइस काढल्यावर २४ तासांच्या आत रद्द केलेलं, ईआरपीतही रद्द म्हणून शाबूत, फक्त रिपोर्टच्या फिल्टरने गाळलेलं. ४३३ ची गोष्ट तांत्रिक होती: सेव्ह करताना कनेक्शन तुटलं, बिल झालंच नाही, पण नंबर खर्ची पडला. बऱ्याच डेटाबेसमधला काउंटर असाच बनवलेला असतो. व्यवहार मागे फिरला तरी दिलेला नंबर परत घेत नाही, कारण परत घ्यायचा म्हटलं तर एकाचं बिल पक्कं होईपर्यंत बाकीच्या सगळ्यांना रांगेत थांबवावं लागेल. एरर लॉगमध्ये त्या वेळेची नोंद होती, तिचा प्रिंट फाइलला लावला.

४१७ मात्र कुठेच नव्हतं. सीएंच्या ऑफिसमधून आलेल्या आर्टिकल ट्रेनीने नेमका त्यावरच बोट ठेवून विचारलं, "या नंबरवर माल गेलाय का?" ऑडिटरची भीती एवढीच असते. रजिस्टरमध्ये जे बिल आहे ते तपासता येतं. जे नाही, त्याचा माग फक्त मोकळ्या नंबरवरून लागतो. माल गेला, पैसे रोखीत आले, बिल पुसलं, तर मागे एवढीच खूण उरते.

मग गेटचं रजिस्टर आणि डिलिव्हरी चलनं काढली. एका चलनावर ४१७ लिहिलेलं होतं, माल खरंच गेला होता! झालं असं: त्या सिस्टिममध्ये ड्राफ्ट सेव्ह करतानाच नंबर पडायचा. डिस्पॅचच्या माणसाने ड्राफ्टची प्रिंट काढून गाडीसोबत दिली, नंतर दर चुकल्याचं दिसलं म्हणून ड्राफ्ट डिलीट केला आणि ४१९ नवीन काढलं. विक्री लपली नव्हती, टॅक्सही भरला होता. पण ग्राहकाच्या हातात असा एक कागद होता, ज्याचा आमच्याकडे मागमूस नाही. चलन, ४१९ ची प्रत आणि ग्राहकाचं पत्र जोडल्यावर प्रश्न मिटला. उपाय दोन केले: पोस्ट होईपर्यंत पक्का नंबरही नाही, प्रिंटही नाही, आणि डिलीटचा हक्क सगळ्यांचा काढला, फक्त रद्द करण्याचा ठेवला. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहेच, तरी मी ट्रेलवर विसंबून हक्क मोकळे ठेवत नाही.

यातून काही जण उलटा धडा घेतात, की गॅप दिसताच कामा नये. टॅलीमध्ये ऑटोमॅटिक नंबरिंगला एक पद्धत अशी आहे की मधलं व्हाउचर उडवलं की पुढचे नंबर आपोआप सरकतात. रजिस्टर स्वच्छ दिसतं, पण ग्राहकाकडच्या प्रिंटवर ४१८ आणि तुमच्याकडे तेच बिल ४१७. माझ्या मते हे गॅपपेक्षा वाईट. टॅलीप्राइममध्ये `Retain Original Voucher No.` निवडता येतं, तेच ठेवा.

आणि वरच्या एक्सेलची एक मर्यादा. तो मधली गॅप दाखवतो, टोकाची नाही. महिन्याचं शेवटचं बिल उडवलं तर ओळ सलगच दिसते, आणि काही ईआरपी शेवटचा ड्राफ्ट डिलीट झाल्यावर काउंटरही एकाने मागे घेतात. म्हणून मार्चचा शेवटचा नंबर सिस्टिममधल्या काउंटरशी आणि गेट रजिस्टरमधल्या शेवटच्या चलनाशी ताडून बघायचा. काउंटर मागे जात नसेल, तर इतर महिन्यांत पुढच्या महिन्याचा पहिला नंबर बघितला की चालतं. मार्चनंतर सिरीजच बदलते, त्यामुळे तो आधार तिथे मिळत नाही.