जून उजाडायच्या आत: सुका जवळा आणि चटणीची तयारी

माहेरच्या वहिनीचा फोन आला, होळी झाली की आम्ही पण जवळा सुकवून पाकिटं करणार आहोत, काय काय लागेल ते सांगा ताई. फोनवर सांगून काय लक्षात राहतंय, म्हणून लिहूनच काढते, आणखी कोणाला उपयोग झाला तर बरंच. आम्ही अलिबागकडचे, घरची होडी, डोलीचं जाळं, त्यामुळे जवळा नि बोंबील हेच आमचं मुख्य. बांगडा, तारली सुकवणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका, का ते पुढे येईल.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. मासेमारीची बंदी साधारण १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण विक्रीचे दिवस म्हणजे हे ६१ दिवस नाहीत. सुक्याला खरी मागणी जूनपासून आषाढ संपेपर्यंत, गटारीच्या आठवड्यात तर माल पुरत नाही, आणि श्रावण लागला की निम्मं गिऱ्हाईक गायब, ते थेट गणपती उठल्यावर परत येतं. म्हणजे मे महिन्यात भरलेलं पाकीट सप्टेंबरपर्यंत, ते पण भर पावसात, टिकायला हवं. सगळी तयारी या एका गोष्टीसाठीच करायची आहे. मार्चला सुरुवात करा, १५ मेपर्यंत सुकवणं संपवा. मेच्या शेवटी हवा इतकी दमट होते की ऊन कडक दिसतं पण माल सुकत नाही, आणि वळवाचा एक शिंतोडा आला तर दिवसभराची मेहनत वाया.

कुठला मासा घ्यायचा? पहिल्या वर्षी फक्त जवळा, जमलं तर थोडे बोंबील. दोन्हीत तेल कमी, त्यामुळे लवकर खवट होत नाहीत. तारली, बांगडा तेलकट, नुसते सुकवले की महिन्या दोन महिन्यात पिवळे पडून वास मारतात. बांगड्याची आणखी एक भानगड म्हणजे तो बर्फाविना उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, खाणाऱ्याला अंगावर पुरळ, तोंड लाल, डोकं दुखणं, आणि ते सुकवून, मीठ लावून, तळून कशानेच जात नाही. म्हणून बांगडा खारवायचा असेल तर बर्फाची सोय होईपर्यंत थांबा.

आता जागा. वाळूत, रस्त्यावर, गोणपाटावर पसरायचे दिवस गेले असं मी म्हणत नाही, अजून निम्मा किनारा तसंच करतो, पण दाताखाली कचकच आली की शहरातलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. कमरेएवढ्या उंचीचे बांबूचे मांडव बांधा आणि वर बारीक जाळी ताणा, मच्छरदाणीएवढ्या बारीक भोकांची नायलॉनची चालते. खालून पण वारा लागतो त्यामुळे जमिनीपेक्षा लवकर सुकतं, कुत्री कोंबड्या पोचत नाहीत. एक जाळी वरून झाकायला पण ठेवा, माशी बसली की अळी झालीच. माशी हटत नाही म्हणून कोणी फवारा मारायला सांगेल, तो अजिबात मारू नका, ते औषध थेट खाण्यात जातं. बोंबलाला मात्र जाळी नको, त्याला उभे बांबू रोवून आडव्या दोऱ्यांची वलांडी, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगायचे, तीन चार दिवस लागतात.

जवळा बंदरावर आला की घड्याळ सुरू झालं समजा. हा जीव इतका नाजूक की दोन चार तास ढीग पडून राहिला तर डोकी काळी पडतात, आणि डोकी काळी पडली तर सुकल्यावर तो गुलाबी दिसत नाही, मळकट दिसतो, भाव पडतो. म्हणून उतरवल्या उतरवल्या स्वच्छ पाण्याने धुवायचा, बंदरातल्या पाण्याने नाही, तिथे काय काय सोडतात ते आपण रोज बघतो. छोट्या क्रेटमध्ये थोडा थोडा घेऊन दोन पाणी, निथळू द्यायचा आणि लगेच जाळीवर बोटाच्या पेराइतका पातळ थर. पहिल्या दोन तासांनी हलवा, मग दर तासा दोन तासांनी. जाड थर लावला की वरचा सुकतो आणि खालचा आंबतो, हे हाताला कळतं, खालचा बोटाला चिकट लागतो. सूर्य कलला की दंव पडायच्या आत गोळा करून छपराखाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचा. कडक उन्हात, वारं असेल तर दीड दिवसात होतो.

सुकला की नाही हे कसं ओळखायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मी इथेच मार खाल्लाय. पहिल्या वर्षी जवळा हाताला कडक लागला, सासूबाई म्हणाल्या अजून एक ऊन दे, मला घाई, त्याच संध्याकाळी उन्हातून काढलेला गरम गरम भरून सील मारून टाकला. पाकिटाच्या आतून घाम सुटला तो मला दिसला पण नाही. जुलैत एका बाईने पाकीट परत आणलं, आत पांढरी बुरशी, मग आणखी परत आली, चाळीसेक पाकिटं अशीच फेकली. तेव्हापासून दोन परीक्षा. एक, चार दाणे बोटात चोळायचे, भुगा झाला पाहिजे, मऊसर वाकला तर नाही. दोन, मूठभर जवळा पूर्ण थंड करून कोरड्या काचेच्या बरणीत घालायचा, झाकण घट्ट लावून अर्धा तास उन्हात ठेवायची. बरणीच्या आतल्या बाजूला वाफ धरली तर अजून एक ऊन, नाही धरली तर भरायला हरकत नाही. आणि भरायचा तो रात्रभर थंड झाल्यावर, झाकलेल्या डब्यात ठेवून, दुसऱ्या दिवशी दुपारी, हवा कोरडी असताना.

भरायच्या आधी चाळणं निवडणं येतं, याला दोन बायका लागतात, एकटीचं काम नाही. छोटे खेकडे, माशांची पिल्लं, शिंपल्यांचे तुकडे, आणि हल्ली सगळ्यात जास्त सापडतात ते जाळ्याचे निळे हिरवे धागे. पांढऱ्या कपड्यावर पसरून निवडा, धागा लगेच दिसतो.

हिशोब एकदा कागदावर करून ठेवा. ओल्या जवळ्यात शंभरात जवळपास ८२ भाग पाणी, म्हणजे १०० किलोत कोरडा भाग १८ किलो, आणि पूर्ण खडखडीत वाळलेला जवळा पण थोडं पाणी धरून असतो, त्यामुळे हातात २१ किलोच्या आसपास येतो. निवडून चाळून १९ धरा. बोंबील तर आणखी पाणीदार, १०० किलोचे १३ झाले तरी खूप. आता उदाहरण म्हणून ओला जवळा ३० रुपये किलो धरू, म्हणजे ३००० चा माल, ३०० वाहतूक, दोन बायकांची मजुरी १०००, झाले ४३००, भागिले १९, किलोला २२६ रुपये. १०० ग्रॅमचं पाऊच लेबलसकट ६ रुपयांना पडलं तर किलोला ६० वाढले, एकूण २८६. घरचा माल आहे म्हणून तो फुकट धरू नका, आणि घरच्या बाईची मजुरी तर शून्य धरूच नका. आकडे माझे, तुमच्या बंदराचा भाव टाकून परत करा, मगच व्यापाऱ्याला सुटा देण्यात आणि पाकिटात किती फरक पडतो ते कळेल.

चटणी ही पुढची पायरी, आणि चुरा झालेल्या जवळ्याचे पण पैसे होतात. १ किलो निवडलेला जवळा मंद आचेवर कुरकुरीत भाजायचा, ३०० ग्रॅम सुकं खोबरं वेगळं भाजायचं, १५० ग्रॅम लसूण आधी काप करून उन्हात वाळवून मग कोरडा भाजायचा, २०० ग्रॅम लाल तिखट, थोडं आमसूल वाळवून कुटलेलं, मीठ चव बघून, कारण जवळा स्वतःच खारट असतो. सगळं थंड झालं की जाडसर वाटायचं. ओला लसूण घातला तर चव जास्त छान लागते हे खरं, पण ती चटणी आठ दिवसांची, पाकिटात नाही चालत. खोबरं हे चटणीचं कमजोर अंग, तेच आधी खवट होतं, म्हणून सुका जवळा सप्टेंबरपर्यंत गेला तरी चटणी मेमध्ये सगळी करून ठेवू नका, जवळा साठवा आणि दर पंधरा दिवसांनी लागेल तेवढी भाजा. लसूण आणि आमसूल तेवढं उन्हाच्या दिवसांतच वाळवून ठेवा, मग भाजायला ऊन लागत नाही, पावसात पण होतं, हाच तर फायदा.

पाऊच साध्या पातळ प्लॅस्टिकचं नको, त्यातून दमट हवा आत जाते आणि वास बाहेर येतो, मग दुकानदार तक्रार करतो की बाकीचा माल वास मारतोय. दुहेरी थराचं जाड पाऊच घ्या, हाताच्या सीलरने दोन ओळींत सील मारा. व्हॅक्यूमच्या मागे लागू नका, जवळ्याच्या टोकदार डोक्याने पिशवीला बारीक भोकं पडतात. सुटा माल झाकणाच्या घट्ट डब्यात, लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडा लांब, गोणीत ठेवला तर पावसाळ्यात किडे त्यात घरच करतात.

कागदपत्रं फार नाहीत, पण आधी करा. छोट्या घरगुती धंद्याला FoSCoS या सरकारी अन्नसुरक्षेच्या वेबसाइटवर नोंदणी करायची, १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर. लेबलवर नाव पत्ता, वजन, घटक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, आणि मांसाहारी खूण, ती आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल ठिपका नाही. जवळा हा कोळंबीच्या जातीतला, त्याची अ‍ॅलर्जी असणारी माणसं असतात, म्हणून तसं ठळक लिहायचं. शिकायचं असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, वाशीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे, सोलर ड्रायरबद्दल तिथे विचारा.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक बॅचचं एक पाकीट विकायचं नाही, लेबल लावून घरातच फळीवर ठेवायचं. दर महिन्याला ते हातात घेऊन हलवायचं, खुळखुळ वाजलं तर ठीक, गच्च गोळा सरकल्यासारखं वाटलं तर फोडून बघायचं आणि त्या बॅचचं दुकानातलं सगळं, गिऱ्हाईक परत आणायच्या आधी, आपणच उचलून आणायचं. बुरशी आलेला माल पुन्हा ऊन देऊन विकायचा नाही, वहिनी, सासूबाईंच्या काळात चालायचं म्हणून तुम्ही पण म्हणाल, तरी नाही.