आईवडिलांच्या पश्चात दागिन्यांची वाटणी: वजन चोख आणि मने दुखावलेली, असे का होते?

आईवडील गेल्यानंतर घर आणि बँकेतील पैसा यांची वाटणी बहुधा मार्गी लागते, कारण त्यांची किंमत सर्वांना सारखीच दिसते. भावंडांत खरा दुरावा येतो तो कपाटातल्या एका लहानशा पेटीवरून. त्या पेटीतील प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात. एक काट्यावर कळते. दुसरी प्रत्येकाच्या मनात असते आणि ती तीन मुलांच्या मनात तीन वेगळ्या आकड्यांची असते. पुढील चुकांपैकी बहुतेक या दोन किमती एकमेकींत मिसळल्यामुळे किंवा त्यातली एक नाहीच असे धरल्यामुळे होतात. मृत्युपत्र असेल किंवा देणी बाकी असतील, तर तो विषय आधी कायद्याप्रमाणे निकाली काढावा. येथे विचार आहे तो त्यानंतर मुलांच्या हाती उरलेल्या वस्तूंचा.

पहिली चूक: फक्त वजनाने वाटणे

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. आईच्या मागे थोरली मुलगी, मधला मुलगा आणि धाकटी मुलगी आहेत. पेटीत २२ कॅरेटच्या चार बांगड्यांचा संच आहे, वजन ४८ ग्रॅम. २२ कॅरेटचीच साखळी २४ ग्रॅमची आहे. आई रोज घालायची ती १८ कॅरेटची झिजलेली अंगठी ४ ग्रॅमची आहे. शिवाय वडिलांचे एक बंद पडलेले मनगटी घड्याळ आहे, ज्याला बाजारात काही किंमत नाही.

वेगवेगळ्या कसाचे दागिने थेट एकमेकांसमोर तोलता येत नाहीत, म्हणून आधी शुद्ध सोने काढावे. वजनाला कॅरेटने गुणून २४ ने भागले की बांगड्यांत ४४, साखळीत २२ आणि अंगठीत ३ ग्रॅम शुद्ध सोने येते. एकूण ६९, म्हणजे प्रत्येकी २३. वजनाने वाटणी करणाऱ्याला हे आकडे पाहून आनंदच होईल. दोघांना दोन-दोन बांगड्या, तिसऱ्याला साखळी, अंगठी मोडून तिचे प्रत्येकी १ ग्रॅम आणि घड्याळ ज्याला हवे त्याने न्यावे! हिशेबात एका गुंजेचीही चूक नाही. मात्र या चोख वाटणीत बांगड्यांचा संच फुटला आणि धाकटीला ज्या एका वस्तूची आस होती, तीच अंगठी आटणीत गेली. वजनाने वाटताना सर्वांत हलकी वस्तू नेहमी हिशेब जुळवण्यासाठी वापरली जाते, आणि रोज अंगावर असलेल्या वस्तू बहुधा हलक्याच असतात.

दुसरी चूक: दुकानातील भाव ही किंमत धरणे

नवा तसा दागिना घ्यायला जे पैसे पडतात, त्यांत घडणावळ असते आणि विकताना ती परत मिळत नाही. त्यामुळे एकाने दागिना घ्यायचा आणि दुसऱ्याला रोख रक्कम द्यायची असेल, तर दुकानातील भावाने घेणाऱ्याचे नुकसान होते. खडे जडवलेले असतील तर त्यांचे वजन सोन्यात धरले जाऊ नये. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते, तीही वजा व्हावी. एखाद्या भावंडाच्या ओळखीच्या सोनारापेक्षा कोणाच्याच ओळखीचा नसलेला जाणकार गाठावा, कस आणि निव्वळ वजन लेखी घ्यावे आणि त्या वेळी सर्वजण हजर असावेत. मौल्यवान खडे किंवा जुन्या घडणीचा खरोखर दुर्मीळ नमुना असेल, तर मात्र केवळ सोन्याच्या हिशेबाने भागत नाही आणि त्याचे मूल्यांकन स्वतंत्रपणे करून घ्यावे लागते.

तिसरी चूक: ‘कोणाला काय हवे ते मोकळेपणाने बोला’

हे ऐकायला समंजसपणाचे वाटते, पण व्यवहारात उलटते. जो आधी बोलतो त्याचा हक्क सांगून होतो. जो उशिरा बोलतो त्याने मागितले तर तो हावरट ठरतो. जो मितभाषी आहे तो ‘मला काही नको, तुम्हीच घ्या’ म्हणतो. या वाक्याला संमती समजू नये. वाटणी बिघडते आहे याची ती सर्वांत पहिली खूण असते, कारण तेच माणूस काही वर्षांनी एखाद्या समारंभात ती वस्तू दुसऱ्याच्या अंगावर पाहते आणि मग जुने सगळे वर येते. ‘आईने मला तोंडी दिली होती’ हा दावाही अशाच बैठकीत निघतो. तो खरा असू शकतो, पण सिद्ध करता येत नाही. त्यामुळे त्याचा निवाडा करत बसण्याऐवजी त्या भावंडाने ती ओढ आपल्या आकड्यात उतरवावी, हे बरे.

आकडा कसला, तर बंद पाकिटातला. पोलिश गणितज्ञ ब्रोनिस्लाव क्नास्टर यांची ही पद्धत आहे आणि ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये न्याय्य वाटणीवर लिहिलेल्या लेखातून ती लोकांसमोर आली. प्रत्येकजण दुसऱ्याला न दाखवता प्रत्येक वस्तूपुढे आपल्या मनातली किंमत लिहितो आणि सगळी पाकिटे एकाच वेळी उघडतात. भाव रोज बदलत असल्याने मी पैशांऐवजी शुद्ध सोन्याचे ग्रॅम हे माप पसंत करतो. दागिन्यात जितके सोने आहे त्याहून कमी आकडा लिहायचा नाही, एवढी एकच अट.

आपल्या उदाहरणात थोरलीने बांगड्यांना ४६, साखळीला २२, अंगठीला ४ आणि घड्याळाला ० लिहिले, एकूण ७२. मधल्याने अनुक्रमे ४४, २२, ३ आणि ६ लिहिले, एकूण ७५. धाकटीने ४४, २४, १२ आणि १ लिहिले, एकूण ८१. अंगठीत सोने तीनच ग्रॅम आहे, पण तिच्यासाठी ती बारा ग्रॅमची आहे. ही गोष्ट बैठकीत बोलताना तिला जमली नसती. कागदावर ती सहज आली.

वस्तू सर्वांत मोठा आकडा लिहिणाऱ्याकडे जाते. म्हणून बांगड्या थोरलीला, घड्याळ मधल्याला, साखळी आणि अंगठी धाकटीला. आता प्रत्येकाचा वाजवी वाटा म्हणजे त्याच्याच एकूण आकड्याचा तिसरा हिस्सा: थोरलीचा २४, मधल्याचा २५, धाकटीचा २७. थोरलीला तिच्या मते ४६ चे मिळाले, म्हणून तिने २२ सामाईक खात्यात घालायचे. धाकटीला ३६ चे मिळाले, तिने ९ घालायचे. मधल्याकडे ६ चे घड्याळच आले, म्हणून त्याने १९ उचलायचे. खात्यात १२ उरतात, ते प्रत्येकी ४ परत वाटायचे. शेवटी थोरली १८ देते, धाकटी ५ देते आणि मधल्याला घड्याळासह २३ ग्रॅमची रक्कम मिळते.

हे बारा कोठून उरले? मतभेदातून. तिघांच्या मनातल्या किमती सारख्या असत्या तर काहीच उरले नसते. आवडी जितक्या वेगळ्या, तितके वाटायला जास्त. प्रत्येकाच्या स्वतःच्या मापाने पाहिले तर थोरलीला २८, मधल्याला २९ आणि धाकटीला ३१ पडले, म्हणजे तिघांनाही आपापल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा चार अधिक. वजनाच्या वाटणीत साखळी आणि एक ग्रॅम घेणाऱ्या धाकटीला तिच्या मापाने २५ च पडले असते, वाजवी वाट्यापेक्षा दोन कमी.

चौथी चूक: पाकीट उघडल्यानंतर नियम ठरवणे

या पद्धतीला फट आहे. धाकटी अंगठीसाठी बारा लिहिणार हे मधल्याला आधी कळले, तर तो मुद्दाम अकरा लिहील. अंगठी त्याला मिळणार नाहीच, पण त्याची एकूण बेरीज फुगेल आणि तिच्याकडून जास्त वसूल होईल. म्हणून आकडे कोणालाही सांगू नयेत, जोडीदारांनी पाकिटात डोकावू नये आणि ‘पुन्हा एकदा लिहू’ ही दुसरी फेरी कधीही देऊ नये. एखाद्याचा आकडा केवळ आडवा येण्यासाठी लिहिलेला आहे का, हे ओळखण्याची एक खूण आहे: ज्या वस्तूविषयी त्याने आजवर चकार शब्द काढला नव्हता, तिच्यापुढे मोठा आकडा असतो आणि ती खरोखरच पदरात पडली तर तो नाखूश होतो.

ग्रॅमचे पैसे कोणत्या दिवसाच्या भावाने आणि किती मुदतीत द्यायचे, हेही आधीच लिहून ठेवावे. थोरलीला अठरा ग्रॅमची रक्कम एकदम देता येत नसेल आणि भाव चढत राहिला, तर ‘ग्रॅम ठरले होते’ आणि ‘रक्कम ठरली होती’ असे दोन पक्ष नक्की पडतात.

पाचवी चूक: ज्याची ऐपत मोठी, त्याची ओढ मोठी असे मानणे

पाकिटांच्या पद्धतीचा हा खरा दोष आहे. एक भावंड सुस्थितीत आणि दुसरे ओढग्रस्त असेल, तर दुसरे आकडा लिहितानाच हात आखडता घेते, कारण जिंकले तर पैसे द्यावे लागतील. अशा घरात पेटीचे दोन भाग करावेत. जड दागिन्यांसाठी वरील हिशेब ठेवावा. ज्यांत सोने नगण्य आहे पण जीव गुंतलेला आहे अशा वस्तूंसाठी, म्हणजे अंगठी, घड्याळ, चष्मा, वही यांसाठी, प्रत्येकाला सारखेच १०० गुण द्यावेत आणि ते त्याने आपल्या ओढीप्रमाणे वस्तूंवर लावावेत. जास्त गुण लावणाऱ्याला वस्तू मिळते आणि पैसा मध्ये येत नाही. शंभरच गुण असल्यामुळे सगळ्याच वस्तूंवर जीव असल्याचा दावा करता येत नाही. एकालाच बहुतेक सगळे जाऊ लागले, तर त्याने सर्वांत कमी गुण लावलेल्या वस्तूपासून सुरुवात करून त्या दुसऱ्या क्रमांकाकडे द्याव्यात.

पत्रे, छायाचित्रे आणि हस्तलिखित वही यांवर तर आकडे लावण्याआधीच सर्वांसाठी नीट प्रती काढाव्यात. प्रत हाती आली की मूळ वस्तूसाठीचा आग्रह बऱ्याचदा निवळतो, आणि ज्याचा निवळत नाही त्याला मूळ वस्तूच हवी आहे हे तरी स्पष्ट होते.

सगळे संपल्यावर कोणी काय घेतले, कोणाचे कोणाला किती देणे आहे आणि कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी: पुढे एखाद्या जुन्या पर्समध्ये किंवा घडी घातलेल्या कपड्यात काही सापडले, तर ते सापडणाऱ्याचे होणार नाही, त्याच्यासाठी पुन्हा बंद पाकिटे लिहिली जातील.