स्वागताचं भाषण सतरंजीपासून सुरू करा

गणेशोत्सवात आरती संपली की पोरं पुढे सतरंजीवर बसतात, आजी-आजोबा खुर्च्यांवर आणि तरुण मागे उभे. अशा वेळी मंडळाच्या अध्यक्षाने "व्यासपीठावरील सन्माननीय..." म्हणत पंधरा नावं वाचली, की तिसऱ्या नावाला सतरंजीवर चुळबुळ सुरू होते आणि पुढचं कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून पहिलं वाक्य पोरांना द्या: "गणपती बाप्पा..." म्हणून थांबा. "मोरया!" त्यांच्याकडूनच येऊ द्या. लगेच सांगा, "तुमचा नाच बरोबर साडेसातला." वेळ कळली की ती शांत बसतात.

मग ज्येष्ठांकडे वळा, इथे घाई नको. "सर्व ज्येष्ठांना नमस्कार" हे कोरडं वाटतं. त्यापेक्षा "जोशी काकूंनी आज एकवीस मोदक वळून आणले" असं एकच खरं काम नावानिशी सांगा. फक्त काकूंना आधी विचारून घ्या. पाहुण्यांची नावं दोन-तीनच, कागदावर मोठ्या अक्षरात, उच्चार आधी खात्री करून. वर्गणीचा हिशेब आणि देणगीदारांची यादी फलकावर लावा.

सगळं दोन मिनिटांत, म्हणजे साधारण दोनशे शब्दांत बसवा. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा, कारण माइकसमोर बोलणं भरभर होतं.