होस्टेलवरच्या मुलाला पहिला मेसेज

पहिला मेसेज शक्यतो सकाळी किंवा दुपारी पाठवा. घरची आठवण दाटून येते ती झोपायच्या वेळी, हात रिकामे असताना. नेमका तेव्हा आलेला प्रेमळ मेसेजही रडवतो.

‘तुझ्याशिवाय घर सुनं वाटतंय’ हे वाक्य टाळाच. ते वाचून मुलाला आई-बाबांचीच काळजी वाटू लागते. ‘करमतंय ना?’ हेही नको, त्याला खरं उत्तर देणं अवघड जातं. त्याऐवजी घरची एक साधी बातमी आणि एक नेमका प्रश्न पुरे. उदाहरणार्थ:

‘तुझी सायकल आज ताईने पळवली, सीट खाली करून! खोलीत वरचा पलंग मिळाला की खालचा? सवडीने सांग, घाई नाही. मजा कर. – आई’

शेवटचं ‘घाई नाही’ मला फार महत्त्वाचं वाटतं. उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा मेसेज नको. बहुतेकदा मूल रमलेलं असतं.

‘घरी यायचंय’ असं उत्तर आलं, तर ‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो’ असं वचन देऊ नका. मग ते फक्त वाट बघत बसतं. ‘पहिले दिवस जड जातात, रविवारी निवांत बोलू’ म्हणा. खाणं-झोप बिघडली किंवा कुणी त्रास देतंय असं कळलं, तर मात्र मेसेजवर न थांबता थेट वॉर्डनना फोन करा.