पंचलाइन न फोडता क्लिप सापडावी म्हणून

मित्राच्या स्टँड-अप क्लिपचं यूट्यूबवरचं शीर्षक होतं, 'मुलाकडच्यांनी पोरगी सोडून स्वयंपाकिणीचा नंबर मागितला'. म्हणजे विनोद तिथेच संपला! मी ते बदलून 'कांदेपोहे कार्यक्रम आणि मावशीचा प्रश्न | मराठी स्टँड-अप' असं केलं. प्रसंग सांगायचा, उत्तर नाही. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा असते आणि मोबाइलवर ते आधीच कापलं जातं, म्हणून शोधायचा शब्द सुरुवातीलाच हवा.

आपली बरीच मंडळी रोमन लिपीत शोधतात, त्यामुळे वर्णनाच्या पहिल्या ओळीत `kande pohe marathi standup` टाकलं. 'स्वयंपाकीण' मात्र वर्णनात अगदी खाली ठेवली. क्लिप आधी पाहिलेला माणूस नेमका तोच शब्द टाकून शोधतो. थंबनेलवरचा 'नंबर द्या ना!' हा मजकूरही काढावा लागला.