‘अर्धा पगार नंतर’ म्हणाले तर

पाच-सहा जणांच्या स्टार्टअपमध्ये ‘अर्धा पगार आता, उरलेला फंडिंग आल्यावर’ असं ठरतं आणि ते फंडिंग येतच नाही.

होकार देण्याआधी दोनच आकडे विचारा: आज बँकेत किती आहेत आणि महिन्याचा खर्च किती. समजा १८ लाख शिल्लक आणि साडेचार लाख खर्च, म्हणजे पैसे चार महिने पुरतील. आकडे सांगायला टाळाटाळ झाली, तर मी तिथेच थांबतो.

मग ऑफर लेटरमध्ये एवढं लिहून घ्या:

१. ठरलेला पगार पूर्ण, समजा ६०,०००. त्यातले ३०,००० दरमहा हातात, ३०,००० थकीत.
२. थकबाकी ९०,०००च्या वर जाणार नाही. म्हणजे तीन महिन्यांनी पूर्ण पगार सुरू.
३. थकबाकी देण्याची ठरावीक तारीख. ‘फंडिंग आल्यावर’ ही तारीख नव्हे.
४. नोकरी सोडली किंवा ट्रायलमध्येच काढलं, तरी थकबाकी देणं लागेल.

दर महिन्याला ‘आजवरची थकबाकी इतकी’ असा ईमेल मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो रे, देतो’ पुरेसं नाही.

एक सांभाळा: पगारावरचा आयकर देय झाला की लागतो, हातात आला नसला तरी. त्यामुळे देय तारीख कोणत्या आर्थिक वर्षात पडते, ते सीएला विचारून ठरवा.