जोडप्याचा मॅच्युरिटी नंबर आणि ॲटिट्यूड नंबर : या चुका टाळा

कुणी जोडप्याचे अंकशास्त्रातले आकडे मांडलेला कागद समोर ठेवला की मी अर्थ वाचत नाही. आधी वर लिहिलेलं नाव बघते. ते चुकलं असेल तर खाली लिहिलेलं उतारवयाचं सगळं भविष्य दुसऱ्याच कुणाचं असतं, आणि बहुतेक वेळा नाव चुकलेलंच असतं.

ज्यांना हे दोन आकडे नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्मतारीख आणि महिना यांची बेरीज एक अंकी केली की ॲटिट्यूड नंबर मिळतो. माणूस पहिल्या भेटीत कसा वाटतो, अंगावर आलेल्या प्रसंगाला पटकन कसं उत्तर देतो, ते यावरून सांगतात. पूर्ण जन्मतारखेच्या अंकांचा भाग्यांक आणि पूर्ण नावाच्या इंग्रजी अक्षरांना दिलेल्या अंकांचा नामांक यांची एक अंकी बेरीज म्हणजे मॅच्युरिटी नंबर. तो पस्तिशीनंतर हळूहळू जाणवू लागतो आणि पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे ठळक होतो, असं मानतात. जोडप्याच्या बाबतीत पहिल्यावरून सुरुवातीची जवळीक आणि खटके बघतात आणि दुसऱ्यावरून म्हातारपणी दोघं एका दिशेला बघतील की नाही ते.

आता माझा सगळ्यात जुना राग. मॅच्युरिटी नंबरसाठी लग्नानंतरचं नाव घेणं.

एकदा एक गृहस्थ छापील कागद घेऊन आले. त्यांची जन्मतारीख १७ जून १९७०, बायकोची २१ फेब्रुवारी १९७३. कागदावर त्यांचा मॅच्युरिटी नंबर ४ आणि तिचा ८ होता. खाली लिहिलं होतं की पन्नाशीनंतर पत्नी पैसा आणि सत्ता हातात घेईल, पतीच्या शिस्तीशी तिचा संघर्ष होईल. गृहस्थ दोघांचं सामायिक बँक खातं वेगळं करायच्या विचारात होते! बायको शेजारी बसली होती. तिचा चेहरा एखाद्यावर विनाकारण खटला भरावा तसा झाला होता.

मी तिला एकच विचारलं, जन्मदाखल्यावर तुमचं नाव कसं लिहिलंय? तिला आठवेना. दाखला शोधून दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा गंमत कळली. आपण तिला दीपा म्हणू. खरं नाव वेगळं आहे, पण बेरजा तेवढ्याच येतील असं नाव मी निवडलंय. दाखल्यावर तिचं नाव DEEPA होतं, मधल्या नावाची बेरीज ८ आणि माहेरच्या आडनावाची ३. लग्नानंतर आडनाव बदललं, त्याची बेरीज ७. शिवाय नोकरीत लागल्यापासून ती सही DIPA अशी करायची. भाग्यांक ७, तो कुठेच बदलत नाही. आता बघा :

```
DEEPA = ४+५+५+७+१ = २२ → ४
DIPA  = ४+९+७+१ = २१ → ३

दाखल्यावरचं नाव    : ४+८+३ = १५ → ६,  ७+६ = १३ → ४
लग्नानंतरचं आडनाव   : ४+८+७ = १९ → १,  ७+१ = ८
सहीतलं DIPA, माहेर  : ३+८+३ = १४ → ५,  ७+५ = १२ → ३
```

बाई एकच, आणि तिची म्हातारपणं तीन. एकात ती घर-हिशेब नीट लावणारी ४, दुसऱ्यात पैशावर बसलेली ८, तिसऱ्यात गप्पा आणि कलांमध्ये रमणारी ३. यातलं हवं ते उचलायचं असेल तर बेरीज करायचा त्रास तरी कशाला घ्यायचा?

मॅच्युरिटी नंबर जन्माच्या नावावरच काढायचा, कारण पद्धतीतच तो जन्मासोबत मिळालेल्या दोन गोष्टींचा मेळ म्हणून मांडलेला आहे. तारीख ही त्यातली एक, नाव ही दुसरी. नंतर धरलेल्या नावाचा वेगळा, वरवरचा प्रभाव मानतात आणि तो वेगळा लिहितात. त्याची भाग्यांकाशी बेरीज करून उतारवय सांगत नाहीत. माझी सवय अशी की मी नाव स्वतः लिहितच नाही. दाखल्यावर बघून समोरच्याला त्याच्या हाताने, एकेक अक्षर सुटं लिहायला लावते. लोकांना हे पोरकट वाटतं. वाटू दे.

नवऱ्याचा ४ मात्र बरोबर होता. तारीख ८+६+८ म्हणजे २२, ती ४. (तारीख १७ म्हणजे ८, वर्ष १९७० म्हणजे १७, तेही ८. सरळ सगळे अंक मिळवले तर ३१ येतात, तेही ४. २२ हा आकडा एक अंकी न करता खास मानतात, म्हणून मधे दिसलेल्या २२ वरून मास्टर नंबर, मास्टर नंबर म्हणून नाचणारे भेटतात. दोन्ही रीतींनी आला तरच मी त्याची दखल घेते.) त्यांचा नामांक ९ होता, म्हणून ४+९ म्हणजे १३, पुन्हा ४. भाग्यांक आणि मॅच्युरिटी नंबर सारखाच आला याचा त्यांना फार अभिमान होता, आपल्याला नियतीने दुहेरी शिक्का मारलाय असा. शिक्का वगैरे काही नाही. नऊ मिळवले की एक अंकी बेरीज बदलत नाही, हे शाळेतलं गणित आहे. नामांक ९ असलेल्या प्रत्येकाचं असंच होतं. याचा उपयोग तपासणीसाठी मात्र छान होतो. नामांक ९ लिहिलाय आणि मॅच्युरिटी नंबर भाग्यांकापेक्षा वेगळा दिसतोय, तर बेरीज चुकली.

म्हणजे दोघांचाही ४. पद्धतीनुसार याचा अर्थ असा सांगतात की पन्नाशीनंतर दोघांनाही घडी बसवलेलं घर, ठरलेल्या वेळा, पक्का हिशेब हवासा वाटेल. धोका तिथेच आहे, कारण घडी कुणाच्या पद्धतीने बसवायची हे दोघंही ठरवणार. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, "मग माघार कोण घेणार?" बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं : "आत्तापर्यंत कोण घेत होतं?" खात्याचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

सारखा आकडा आला म्हणून हुरळूनही जाऊ नका. आकडे नऊच आहेत. रस्त्यावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांचा मॅच्युरिटी नंबर जुळण्याची शक्यता साधारण नवात एक असते. आणि ४ असलेला माणूस पन्नाशीत खरोखर शिस्तीचा होतो याला प्रयोगाचा पुरावा नाही. ही परंपरेची भाषा आहे, ती बोलायला सुरुवात करून देते. बँक खाती वेगळी करायला ती वापरू नये.

दुसरी चूक, आणि ही आपल्याकडे सर्रास होते : मूलांकालाच ॲटिट्यूड नंबर म्हणून खपवणं. मूलांक फक्त तारखेचा. ॲटिट्यूड नंबरमध्ये महिना येतो. त्याच कागदावर या जोडप्याचे ॲटिट्यूड नंबर ८ आणि ३ दिले होते, आणि 'स्वभाव विरुद्ध, सुरुवातीपासून ओढाताण' असा शेराही होता. खरं तर १७ जून म्हणजे ८+६, ते १४, म्हणजे ५. २१ फेब्रुवारी म्हणजे ३+२, तेही ५. दोघंही बदलाची ओढ असलेले, एका जागी न टिकणारे! लग्नानंतर पहिल्या दहा वर्षांत सहा घरं बदलल्याचं त्यांनीच हसत सांगितलं.

ही चूक ओळखायला एक साधी खूण आहे. ॲटिट्यूड नंबर आणि मूलांक सारखे दिसले तर माणूस सप्टेंबरचा हवा, कारण फक्त नववा महिना मिळवल्यावर आकडा बदलत नाही. जूनमध्ये जन्मलेल्याचे दोन्ही सारखे असतील तर महिना मिळवायचा राहिलाय. दुसरी खूण, ॲटिट्यूड नंबरमध्ये वर्षाची बेरीज मिळवली की भाग्यांक आलाच पाहिजे. इथे नवऱ्याचे ५+८ म्हणजे १३, ४. तिचे ५+२ म्हणजे ७. बरोबर. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण तेवढाही धीर नसलेले लोक थेट अर्थाच्या पानावर उडी मारतात.

ॲटिट्यूड नंबरचा उतारवयाशी काय संबंध, असं विचारतात. वरवर पाहता नाही, पण दोन धाग्यांनी आहे. एक म्हणजे आयुष्याच्या पहिल्या टप्प्याचा आकडाही तारीख अधिक महिना असाच काढतात, आणि तो टप्पा ३६ वजा भाग्यांक एवढ्या वयाला संपतो असं धरतात. नवऱ्याचा बत्तिसाव्या वर्षी संपला, बायकोचा एकोणतिसाव्या. म्हणजे ही दोघं ज्या ५ ला भाळली, तो रंग तिशीच्या आसपास फिका पडतो आणि पुढे ४ चढतो, असं हे शास्त्र म्हणतं. 'तू पूर्वीसारखा राहिला नाहीस' ही तक्रार घेऊन जी जोडपी येतात, त्यांच्यासमोर मी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवते.

दुसरा धागा वैयक्तिक वर्षाचा. चालू वर्षाच्या अंकांची बेरीज ॲटिट्यूड नंबरमध्ये मिळवली की वैयक्तिक वर्ष येतं. म्हणून ज्या दोघांचा ॲटिट्यूड नंबर सारखा, त्यांचं वैयक्तिक वर्षही जन्मभर सारखंच. २०२९ ची बेरीज १३, म्हणजे ४. त्यात ५ मिळवले की ९. नववं वर्ष आवरतं घेण्याचं मानतात, आणि ते या दोघांना एकदमच येणार, तो एकोणसाठचा आणि ती छप्पनची असताना. त्यांना मी एवढंच सुचवलं की त्या वर्षी नोकरी सोडायची हुक्की आली तर दोघांनी एकदम सोडू नका. ज्यांचे ॲटिट्यूड नंबर वेगळे, त्यांच्यातलं अंतरही कायम तेवढंच राहतं. एक आवराआवरीत असताना दुसरा कशाच्या तरी सुरुवातीला किंवा मध्यावर असतो, आणि हे दर नऊ वर्षांनी परत येतं.

बाकीच्या चुकांवर फार शाई घालवत नाही. दोघांचे मॅच्युरिटी नंबर एकत्र करून 'लग्नाचा नंबर' काढू नका, त्याला या पद्धतीत जागा नाही. अक्षरांचे तक्ते मिसळू नका : पायथागोरियन तक्त्यात P चे ७, खाल्डियनमध्ये ८, त्यामुळे तीच DEEPA तिथे २३ होते, म्हणजे ५. वरची सगळी पद्धत पायथागोरियन आहे.

आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची जोडपी मॅच्युरिटी नंबर घेऊन आली की मी आकडा काढते, अर्थ सांगत नाही. पाकिटात घालून, वर नावाचं स्पेलिंग लिहून देते. बहुतेक जण दारातच उघडतात.